उत्तर माझ्याकडूनच राहिले, आता काय लिहू?

सप्रेम नमस्कार ताई,

माझी एक मैत्रीण आहे, सतरा वर्षांची ओळख. गेल्या वर्षी तिने नोकरी सोडली तेव्हा मला व्हॉट्सअ‍ॅपवर चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. मी घाईत होते, म्हणून ‘निवांत ऐकून नीट उत्तर देऊ’ असे ठरवले. काही आठवड्यांनी तिने ‘ठीक आहेस ना?’ असे विचारले आणि पुढे माझ्या वाढदिवसाला शुभेच्छा पाठवल्या. आधीचे उत्तर राहिले होते, म्हणून त्या दोन्हींनाही मी उत्तर दिले नाही. तो व्हॉइस मेसेज अजून ऐकलेलाच नाही. आता चौदा महिने झाले. आमचे भांडण झालेले नाही, तिची काही चूक नाही. मी माफीचा एक मजकूर लिहून ठेवला आहे, तो दर वेळी वाढतच जातो आणि पाठवायचे धाडस होत नाही. तिला मी आता नकोशी झाले असेन असेही वाटते. मजकूर सोबत जोडला आहे. काय लिहू, किती लिहू?

– उत्तर राहून गेलेली

सप्रेम नमस्कार,

तुमचा मजकूर मी दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हातात घेतली. सुमारे सहाशे शब्दांच्या त्या मजकुरात ‘मी’, ‘मला’, ‘माझे’ ही रूपे एकतीस वेळा आली आहेत आणि तिने नोकरी सोडली याचा उल्लेख एकदाही नाही. तुम्ही आत्मकेंद्री आहात असा याचा अर्थ मी अजिबात काढत नाही. ज्याला अपराधी वाटते त्याच्या लिहिण्यात हे हमखास घडते, कारण तो समोरच्याला लिहायला बसतो आणि पाहता पाहता स्वतःची बाजू मांडू लागतो. त्यामुळे हा मजकूर पाठवला नाहीत हे एका अर्थी बरेच झाले.

तो दर वेळी का वाढतो, हे आधी पाहू, कारण उपाय तिथेच आहे. चार मिनिटांच्या मनापासूनच्या निरोपाला ‘बरं झालं’ एवढेच उत्तर कसे द्यायचे, या विचाराने तुम्ही थांबलात. ‘नीट’ उत्तराला निवांत वेळ हवा होता आणि तो त्या आठवड्यात नव्हता. पुढच्या आठवड्यात वेळ होता, पण आता उत्तरासोबत उशिराचे कारणही द्यावे लागणार होते. महिन्याभराने कारण पुरेनासे झाले, माफी हवी झाली, आणि ‘ठीक आहेस ना?’ या तीन शब्दांना उत्तर द्यायचे तर आधीची चार मिनिटे ओलांडून कसे जायचे हा नवाच पेच उभा राहिला. सावकारी व्याजासारखा हा हिशेब आहे, दर महिन्याला मुद्दल वाढत जाते. तुम्हाला तिच्याविषयी काही वाटत नव्हते म्हणून हे झालेले नाही. उत्तर चांगलेच असले पाहिजे या हट्टापायी झाले आहे, आणि सहाशे शब्दांचा हा मजकूर त्याच हट्टाचे आजचे रूप आहे.

लांबलचक माफी वाचणाऱ्यावर काय ओझे टाकते, याचा मला स्वतःला अनुभव आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जुन्या सहकारी बाईंनी दोन वर्षांच्या अबोल्यानंतर मला तीन पानी पत्र पाठवले. पत्र प्रामाणिक होते, ठिकठिकाणी त्यांनी स्वतःला दोष दिला होता, आणि मी ते वाचून मनाशी म्हटले की याला सवडीने, नीट उत्तर द्यायला हवे. ते उत्तर द्यायला मला पाच महिने लागले. मी रागावले नव्हते, पण त्या तीन पानांना साजेसे सांत्वन करणारे पत्र मला लिहावे लागणार होते आणि तेवढी ताकद रोज संध्याकाळी अंगात नसते. चूक त्यांची होती, काम मात्र माझ्या गळ्यात पडले. माफी हलकी असावी असे जे म्हणतात त्याचा अर्थ मी तेव्हापासून असा घेते, की ती वाचून झाल्यावर समोरच्याला काही उचलून धरावे लागू नये.

तुम्ही तिला नकोशा झाला असाल, या शंकेबद्दल थोडे सांगते. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की बऱ्याच काळाने कोणी आपणहून चौकशी केली तर ती समोरच्याला किती आवडेल, याचा अंदाज लोक सातत्याने कमी बांधतात, आणि ती चौकशी जितकी अनपेक्षित तितकी तिची किंमत अधिक वाटते. त्या अभ्यासातील माणसे एकमेकांपासून नुसती दुरावलेली होती, त्यांत एकाने दुसऱ्याचे निरोप अनुत्तरित ठेवलेले असतीलच असे नाही. म्हणून तुमच्या बाबतीत तो दिलासा पूर्ण लागू होतो असे मी म्हणणार नाही, पण दिशा तीच आहे. लारा अ‍ॅकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांचा २०२४ सालचा अभ्यास तुम्हाला जास्त ओळखीचा वाटेल. त्यात लोकांना जुन्या मित्राला निरोप लिहायला वेळ दिला होता, संपर्काचा मार्ग हाताशी होता, निरोप पाठवायची इच्छाही होती. तरीही एका प्रयोगात एक तृतीयांशाहून कमी जणांनी तो प्रत्यक्षात पाठवला. काही मिनिटे आधी सध्याच्या मित्रमंडळींना साधे निरोप पाठवून हात मोकळा केलेल्यांमध्ये मात्र निम्म्याहून अधिक जणांनी जुन्या मित्रालाही पाठवला. ही युक्ती जरूर वापरा. तिला लिहिण्यापूर्वी ज्यांच्याशी रोजचे बोलणे आहे अशा दोन-तीन जणांना काहीतरी किरकोळ लिहा, म्हणजे बोटांना परीक्षेचा पेपर लिहितो आहोत असे वाटणार नाही.

आता तुमच्या मजकुराला कात्री लावते. ‘तुला वाटत असेल की मी किती वाईट मैत्रीण आहे’ हे पहिलेच वाक्य जायला हवे, कारण ते वाचून तिला ‘छे, तसे काही नाही’ असे म्हणावेच लागेल, मग तिला तसे वाटत असो वा नसो. पुढे दोन परिच्छेदभर कारणे आहेत: कामाचा ताण, घर बदलणे, आईची तब्येत, बिघडलेला फोन. चारही खरी असतील, पण प्रत्येक कारण फार तर तीन-चार आठवड्यांना पुरते आणि महिने चौदा आहेत. वाचणारा माणूस ही बेरीज नकळत करतोच. शिवाय याच काळात तुम्ही इतरांशी बोलत होता, हे तिला कुठून ना कुठून कळलेले असणार. खऱ्या कारणांची बेरीज जुळली नाही की ती खोटी वाटू लागतात, आणि तुमच्या आईचे आजारपण सबबीच्या रांगेत उभे राहावे असे तुम्हालाही वाटणार नाही.

‘पण मी रोज तुझी आठवण काढत होते’ हे वाक्य तुमचे आवडते दिसते, ते तीनदा आले आहे. तेही काढा. रोज आठवण येत होती तर दोन ओळी लिहायला काय झाले होते, हा तिच्या मनात येणारा पहिला प्रश्न असेल आणि तो रास्त असेल.

शेवटच्या परिच्छेदात ‘मला माफ करशील ना?’ असा प्रश्न आहे आणि ‘यापुढे असे कधीच होणार नाही, आपण रोज बोलू’ असे आश्वासन आहे. रॉय लुइकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली माफीची सहा अंगे वेगळी करून लोकांना कोणती अधिक पटतात हे तपासले. सर्वांत वजन होते ते चुकीची जबाबदारी स्वतःकडे घेण्याला, आणि सर्वांत कमी महत्त्वाची ठरली ती क्षमेची याचना. त्यांचे प्रयोग नोकरीच्या संदर्भातील एका चुकीवर बेतलेले होते, मैत्रीवर नव्हे, पण मला स्वतःला हा क्रम मैत्रीतही पटतो. ‘माफ करशील ना?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर द्यावे लागते, आणि चौदा महिन्यांनी अवचित आलेल्या निरोपाला लगेच तसे उत्तर देणे कोणालाही जड जाते. रोज बोलण्याचे आश्वासन तर देऊच नका. तुम्ही सतरा वर्षांत कधी रोज बोलला नसाल, आणि तिसऱ्या दिवशी ते मोडले की पुन्हा त्याच व्याजाला सुरुवात होईल.

एवढे कापल्यावर तुमच्या मजकुरात एकच वाक्य उरते: ‘तुझ्या मेसेजला उत्तर द्यायचे राहून गेले.’ तेही थोडे बदलू या. आपल्या भाषेत कर्त्याला लपवायची फार सोय आहे. राहून गेले, जमले नाही, झाले नाही, सुचले नाही, अशी वाक्ये आपण दिवसभर बोलतो आणि त्यांत काम कोणी केले नाही हे कुठेच येत नाही, जणू उत्तर स्वतःच कुठेतरी रेंगाळले. तुम्ही पत्राखाली घेतलेल्या टोपणनावातही तेच आहे. ‘मी उत्तर दिले नाही’ असे लिहून पाहा, वाक्य आणखी लहान होते आणि जबाबदारी घेऊन होते. माफीच्या शब्दाचेही तसेच आहे. ‘क्षमस्व’ हा शब्द सूचनाफलकावर शोभतो, ‘दिलगीर आहे’ कार्यालयीन पत्रात, आणि नुसते ‘सॉरी’ धक्का लागल्यावरही म्हणतात. सतरा वर्षांच्या मैत्रिणीला ‘चुकलंच माझं’ हे दोन शब्द पुरतात. त्यातला ‘च’ सगळे काम करतो, त्यात वाद घालायला जागा राहत नाही.

माफीपेक्षाही मोठे काम मात्र त्या चार मिनिटांपाशी अडलेले आहे. व्हॉइस मेसेज ऐकल्याशिवाय एक शब्दही पाठवू नका. कदाचित तुम्हाला ठाऊक असेल, व्हॉट्सअ‍ॅपवर असा मेसेज ऐकला गेला की पाठवणाऱ्याच्या फोनवर त्याच्या शेजारची मायक्रोफोनची खूण निळी होते. साध्या मेसेजांच्या निळ्या खुणा सेटिंग्जमधून बंद करता येतात, ही खूण तशी बंद होत नाही. म्हणजे तुम्ही तो ऐकलेला नाही हे तिला गेले चौदा महिने दिसू शकत होते. ‘ऐकला होता गं, पण…’ असे लिहिण्याचा मोह झाला तर हे लक्षात ठेवा. आणि आज ऐकलात तर तेही तिला दिसेल, म्हणून ऐकणे आणि लिहिणे यांत दिवस जाऊ देऊ नका. चौदा महिन्यांनी खूण निळी झाली आणि त्यानंतर पुन्हा चार दिवस शांतता राहिली, तर ती पहिल्यापेक्षा जास्त लागेल. अर्धा तास मोकळा असेल तेव्हाच ऐका. आधी निरोपाचा सांगाडा लिहून ठेवा, मग मेसेज ऐका, त्यातली एक गोष्ट सांगाड्यात भरा आणि पाठवा.

सांगाडा मी असा करीन:

‘अगं, नोकरी सोडलीस तेव्हाचा तुझा मेसेज मी आज ऐकला. तेव्हा उत्तर दिलं नाही, नंतर तू विचारलंस तेव्हाही गप्प राहिले, चुकलंच माझं. पहिला आठवडा नुसती झोपून काढणार असं तू म्हणालीस ते ऐकताना हसू आलं. सध्या तुझं काय चाललंय ते ऐकायला आवडेल, सवडीने लिही.’

झोपण्याचे वाक्य मी अंदाजाने घातले आहे, तिथे तिचे खरे शब्द येतील. कौतुकाचे मोठे वाक्य नको, तिने सांगितलेली एखादी बारीकशी गोष्ट हवी, जी ऐकल्याशिवाय कळलीच नसती. तिच्या नोकरीविषयी सल्ला, अभिनंदन, ‘काळजी करू नकोस’ यांतले काहीही लिहू नका. तिच्या दृष्टीने ती बातमी जुनी झाली आहे, मधल्या काळात ती दुसरीकडे रुजू झाली असेल किंवा आणखी काही घडून गेले असेल. म्हणून भूतकाळाबद्दल एक वाक्य आणि मग थेट ‘सध्या’. ‘आज ऐकला’ हे लिहिताना हात थांबेल, तरी लिहा. या निरोपातला सर्वांत प्रामाणिक शब्द ‘आज’ हा आहे.

निरोप त्याच ठिकाणी पाठवा जिथे तिचे तीन मेसेज पडून आहेत. ते वरच दिसत असल्यामुळे जुना इतिहास पुन्हा सांगावा लागत नाही. अचानक फोन करू नका, कारण फोनवर तिला तिथल्या तिथे काहीतरी वाटून घ्यावे लागेल. समाईक मैत्रिणीला मध्ये घालू नका. तिच्या वाढदिवसाची वाटही पाहू नका आणि आधी एखाद्या फोटोला अंगठा देऊन चाचपणी करू नका. शुभेच्छांच्या आडून केलेली सुरुवात सोपी असते खरी, पण त्यात अबोला मोडतो आणि चूक मात्र तशीच राहते, आणि मग ती कबूल करायची वेळ पुढे कधीच येत नाही.

एक अपवाद आधीच सांगून ठेवते. त्या चार मिनिटांत तिने मदत मागितलेली असेल, तिचा आवाज रडवेला असेल किंवा ‘तुझ्याशी बोलायचं आहे’ असे ती म्हणाली असेल, तर हसू आल्याचे वाक्य अर्थातच जाईल आणि दुसरे वाक्य बदलेल: ‘तुला तेव्हा माझी गरज होती आणि मी गप्प राहिले, चुकलंच माझं.’ तरीही लांबी वाढवू नका. चूक मोठी असेल तर ती नेमक्या नावाने सांगा, शब्द वाढवल्याने ती अधिक मोठी किंवा लहान होत नाही.

ती काय उत्तर देईल, हे मला सांगता येणार नाही. ‘अगं जाऊ दे, कशी आहेस?’ असे आले तर ‘जाऊ दे’ला मान द्या आणि दुसऱ्यांदा माफी मागू नका. नाहीतर तिला तुम्हाला पुन्हा पुन्हा माफ करत बसावे लागेल. ‘बरी आहे’ एवढेच कोरडे उत्तर आले तर त्यामागे राग शोधत बसू नका. ‘बरं वाटलं ऐकून’ म्हणा, दोनेक आठवडे जाऊ द्या आणि मग एखादी साधी गोष्ट सांगा.

तिने ‘पण झालं काय होतं?’ असे विचारले तर मात्र कारण सांगायचे. विचारल्यावर सांगितलेले कारण सबब होत नाही. ते तुमच्या पत्रातच आहे आणि सहाशे शब्दांच्या मजकुरात नेमके तेच नाही, म्हणून इथे लिहून देते: ‘तुला नीट उत्तर द्यायचं म्हणून थांबले, मग उशीर झाल्याची लाज वाटली आणि त्या लाजेपायी आणखी गप्प राहिले.’ घर बदलले आणि फोन बिघडला हे पुढे कधीतरी गप्पांच्या ओघात येईलच. ती चिडून बोलली, तुझी वाट पाहिली होती म्हणाली, तर ऐकून घ्या आणि ‘खरं आहे’ म्हणा. त्या क्षणी स्वतःचे ते वर्ष किती कठीण गेले हे सांगायला घेतलेत तर बोलणे पुन्हा तुमच्यावर येऊन थांबेल.

आणि काहीच उत्तर आले नाही, तर तीन-चार आठवडे थांबा. मग एकदाच, पहिल्या निरोपाचा उल्लेख न करता, तिला आवडेल असे काहीतरी लहानसे पाठवा. त्यालाही उत्तर नसेल तर तिथे थांबा. हा काही नियम नव्हे, माझा अंदाज आहे: एका शांततेत दिवस वाईट असू शकतो, दोन शांतता म्हणजे बहुधा उत्तर असते, आणि ते देण्याचा तिला हक्क आहे. तुम्हीही तो चौदा महिने वापरलात.

मला खरी काळजी वाटते ती तिने भरभरून उत्तर देण्याची. समजा, पाठोपाठ तिचा नऊ मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. तुम्ही घाईत असाल, आणि मनात तेच वाक्य येईल की हे निवांत ऐकून नीट उत्तर देऊ. अशी माणसे दुसऱ्यांदा गप्प होतात ती इथेच, आणि तेव्हा ‘चुकलंच माझं’ चालत नाही. म्हणून आताच ठरवून ठेवा की चोवीस तासांच्या आत काहीतरी जाईल, मग ते कितीही अर्धे असो. ‘निम्मा ऐकला, तुझ्या नव्या साहेबांपर्यंत आले आहे, उरलेला रात्री ऐकते’ हे पूर्ण उत्तर आहे. रात्री ऐकणे झाले नाही तर सकाळी ‘झोप लागली’ म्हणा.

सहाशे शब्दांची ती नोंद निरोप गेल्यावर फोनमधून पुसून टाका. हाताशी राहिली, तर तिच्या पहिल्याच कोरड्या उत्तराला तुम्ही त्यातला एखादा परिच्छेद चिकटवाल, आणि तो बहुतेक रोज आठवण काढल्याचा असेल.